यूपीआय: बॅलन्स दिवसातून 50 वेळाच का? आणि ही मर्यादा नीट चालते की नाही, हे कसं तपासतात?

दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. दुकानदार म्हणतो, "आले नाहीत." बँकेचा मेसेज म्हणतो, "गेले." हा अनुभव बहुतेकांनी कधी ना कधी घेतला आहे. 12 एप्रिल 2025 च्या शनिवारी तो देशभरात एकाच वेळी अनेकांच्या वाट्याला आला.

त्या दिवशी यूपीआय काही तास अडखळत होतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नंतर जे कारण शोधलं, ते अनेकांना अनपेक्षित होतं. अडचण पैसे पाठवणाऱ्यांच्या गर्दीची नव्हती. काही बँकांच्या यंत्रणा 'त्या व्यवहाराचं काय झालं?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही विचारत होत्या. या चौकशीच्या पुरातच मुख्य यंत्रणा गुदमरली.

त्यानंतर नियम कडक झाले. 1 ऑगस्ट 2025 पासून एका ॲपमधून एका ग्राहकाला 24 तासांत 50 वेळाच बॅलन्स तपासता येतो. मोबाइल नंबरशी जोडलेल्या बँक खात्यांची यादी 25 वेळाच पाहता येते. अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते, आणि दोन चौकशांमध्ये किमान 90 सेकंदांचं अंतर लागतं. यंत्रणा स्वतःहून पाठवते त्या रिक्वेस्ट रांगेत लावल्या जातात आणि त्यांच्यावर मर्यादा आहे, अशी लेखी हमीही बँकांकडून मागण्यात आली.

पण परिपत्रकात '50' लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्ष गर्दीत तो आकडा टिकतो का, आणि 51 व्या वेळी ग्राहकाला नेमकं काय दिसतं, हे तपासून पाहावं लागतं.

मर्यादा म्हणजे नेमकं काय?

तुमचं ॲप बँकेशी आणि बँक यूपीआयशी ज्या ठरावीक दारातून बोलते, त्याला एपीआय म्हणतात. या दारावर दोन प्रकारे नियंत्रण ठेवता येतं. ठरावीक संख्येनंतर येणाऱ्याला सरळ 'नाही' म्हणायचं, हे रेट लिमिटिंग. आलेल्याला न हाकलता वेग कमी करायचा किंवा रांगेत थांबवायचं, हे थ्रॉटलिंग. बॅलन्सच्या 51 व्या रिक्वेस्टला नकार देणं हा पहिला प्रकार झाला. ऑटोपेचे हप्ते गर्दीच्या वेळा टाळून वळते करणं हे दुसऱ्याच्या जवळ जातं.

आता समजा, एखाद्या बँकेच्या टेस्टरला हे दार तपासायचं आहे. तो खऱ्या ग्राहकांच्या यंत्रणेवर प्रयोग करत नाही. तिची हुबेहूब नक्कल उभी केली जाते आणि खोट्या खात्यांवरून रिक्वेस्ट सोडल्या जातात.

पहिली तपासणी: मोजणी बरोबर आहे का?

सुरुवात सोपी असते. 50 वी रिक्वेस्ट स्वीकारली गेली पाहिजे आणि 51 वी नाकारली गेली पाहिजे. त्याच ॲपवर दुसऱ्या ग्राहकाचा बॅलन्स मात्र दिसत राहिला पाहिजे. पहिल्याच ग्राहकाने दुसरं ॲप उघडलं, तर तिथे त्याचे 50 वेगळे मोजले गेले पाहिजेत.

मग येतो अवघड प्रश्न: 24 तास कधीपासून मोजायचे? मोजणी रोज मध्यरात्री शून्यावर येत असेल, तर रात्री 11.59 ला 50 आणि 12.01 ला आणखी 50, अशा दोन मिनिटांत 100 रिक्वेस्ट जाऊ शकतात. नियम कागदावर पाळला जातो, पण यंत्रणेवर दुप्पट भार येतो. मोजणी सरकती असेल, म्हणजे प्रत्येक क्षणी मागचे 24 तास पाहिले जात असतील, तर ही पळवाट बंद होते. म्हणून टेस्टर यंत्रणेचं घड्याळ मध्यरात्रीच्या आसपास नेऊन हाच प्रयोग मुद्दाम करतो.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक वेगळीच असते. मोठ्या बँकेत एकच सर्व्हर नसतो. समजा, ग्राहकाचे 49 वापरून झाले आहेत आणि दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर पोहोचल्या. दोघेही नोंदवही उघडतात, दोघांनाही 49 दिसतात आणि दोघेही 'या' म्हणतात. झाले 51.

एकेक रिक्वेस्ट पाठवून ही चूक कधीच दिसत नाही. म्हणून टेस्टर मोजणी 49 वर आणतो आणि एकदम 20 रिक्वेस्ट सोडतो. बरोबर एक स्वीकारली गेली आणि 19 नाकारल्या गेल्या, तरच तो पास. हा प्रयोग अनेकदा करावा लागतो, कारण क्षणाच्या जुळणीवर अवलंबून असलेली चूक दहा वेळा लपते आणि अकराव्या वेळी सापडते.

मोजणी कोणाच्या नावावर करायची, हेही महत्त्वाचं. 2021 मध्ये लसीच्या स्लॉटची माहिती देणाऱ्या कोविनच्या सार्वजनिक एपीआयवर एका आयपी पत्त्यामागे पाच मिनिटांत 100 रिक्वेस्टची मर्यादा होती. पण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून इंटरनेटवर सोडतात. हॉस्टेलच्या वाय-फायवरही तेच होतं. अशा वेळी एकाच्या अतिउत्साहाची शिक्षा शेजाऱ्याला मिळते. खातं ओळखता येत असेल, तर खात्यानुसार मोजणं अधिक न्याय्य ठरतं.

दुसरी तपासणी: अचानक लोंढा आला तर?

गर्दी कधीच एकसारखी येत नाही. पगाराचा दिवस, सेलची सुरुवात किंवा काही मिनिटं बंद पडलेली सेवा सुरू होण्याचा क्षण, अशा वेळी ती एकदम येते. त्यासाठी अनेक यंत्रणा टोकनच्या टाकीची पद्धत वापरतात. समजा, टाकीत 200 टोकन मावतात आणि दर सेकंदाला 100 नवे पडतात. प्रत्येक रिक्वेस्ट एक टोकन खर्च करते. टाकी रिकामी झाली की नकार.

टेस्टर आधी टाकी पूर्ण भरू देतो. मग एका सेकंदात 500 रिक्वेस्ट सोडतो. साठ्यातले 200 आणि त्या सेकंदात पडलेले जास्तीत जास्त 100, म्हणजे 200 ते 300 रिक्वेस्ट आत गेल्या पाहिजेत. पुढच्या सेकंदाला पुन्हा 500 आल्या, तर साधारण 100 च आत जातील. सगळ्या 500 आत गेल्या, तर मर्यादा नावालाच आहे. फक्त 100 गेल्या, तर टाकीतला साठा वापरलाच जात नाही आणि साध्या गर्दीतही ग्राहकांना विनाकारण नकार मिळेल.

पण हा हिशेब जुळला म्हणजे तपासणी संपली असं नाही. याच वेळी दुसऱ्या खात्यावरून साधं पेमेंट करून बघितलं जातं. एका बाजूने चौकशीचा लोंढा चालू असताना ते पेमेंट नेहमीच्याच वेळात झालं पाहिजे. मर्यादा घातली जाते ती यासाठीच. पेमेंट रेंगाळलं, तर दोन शक्यता असतात. एक, चौकशी आणि पेमेंट एकाच टाकीतून टोकन घेत आहेत. दोन, नकार देण्याचं कामच महाग पडतंय: प्रत्येक रिक्वेस्टसाठी डेटाबेस उघडून, सगळी पडताळणी करून मग 'नाही' म्हटलं जातंय. नकार दारातच आणि कमी कष्टात दिला गेला पाहिजे.

तिसरी तपासणी: 'नाही' नीट म्हटलं का?

इंटरनेटवर अशा नकारासाठी ठरलेला कोड आहे: 429. तो 2012 मध्ये मानकात आला. त्याच्यासोबत 'किती सेकंदांनी पुन्हा या' हेही सांगता येतं:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 90
```

याऐवजी 500 हा कोड गेला, तर ॲपला वाटतं की समोरचा सर्व्हर बिघडलाय. बरीच ॲप अशा वेळी लगेच पुन्हा प्रयत्न करतात. म्हणजे गर्दी कमी करण्यासाठी दिलेला नकारच गर्दी वाढवतो. म्हणून टेस्टर नकार मिळाल्यानंतर ॲप काय करतं, तेही पाहतो: 90 सेकंद थांबतं, की दर सेकंदाला दार ठोठावत राहतं?

यातही एक खाच आहे. हजार फोनना '90 सेकंदांनी या' सांगितलं आणि सगळ्यांनी तंतोतंत पाळलं, तर 90 व्या सेकंदाला हजारांचा नवा लोंढा येतो. म्हणून चांगलं ॲप त्यात स्वतःकडून थोडा यादृच्छिक उशीर मिसळतं. कोणी 92 सेकंदांनी येतो, कोणी 101 ने.

पैशांच्या बाबतीत तर एक चूक अजिबात चालत नाही. 'व्यवहाराची स्थिती विचारू नका, मर्यादा संपली' हे उत्तर चौकशीला दिलेलं आहे, व्यवहाराला नाही. ॲपने त्याचा अर्थ 'पेमेंट अयशस्वी' असा लावून लाल फुली दाखवली, तर ग्राहक पुन्हा पैसे पाठवेल आणि 400 रुपयांच्या किराण्याचे 800 जातील.

म्हणून ही तपासणी अशी होते: पेमेंट यशस्वी होऊ द्यायचं, पण त्याचं उत्तर ॲपपर्यंत पोहोचू द्यायचं नाही. तीन चौकशा संपवायच्या. चौथी नाकारली गेल्यावर स्क्रीन वाचायची. तिथे 'प्रलंबित' दिसलं पाहिजे आणि पुन्हा पैसे पाठवू नका, अशी सूचना हवी. 'अयशस्वी' दिसलं, तर सर्व्हरवरची मोजणी कितीही अचूक असली तरी ही चाचणी नापास.

मग तुम्ही काय करायचं?

बॅलन्सच्या मर्यादेला सामान्य ग्राहक सहसा पोहोचत नाही. 50 वेळा म्हणजे जागेपणीच्या 16 तासांत साधारण दर 19 मिनिटांनी एकदा. अडकलेलं पेमेंट मात्र कोणाचंही असू शकतं. तेव्हा 'प्रलंबित' दिसत असताना पुन्हा क्यूआर स्कॅन करू नका. किमान दीड मिनिट थांबा, मग एकदाच स्थिती पाहा. ॲपने चौकशीला नकार दिला, तर बँकेच्या खात्यातली नोंद बघा. पैसे गेले की नाही, हे त्या नोंदीवरून कळतं. चौकशीला मिळालेल्या नकारावरून नाही.