प्रश्नावाचून आलेले आभार

‘ज्याने काही विचारलेच नाही, त्यास उत्तर ते काय द्यावयाचे?’ असा सवाल आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहीजण मोठ्या तोऱ्याने करीत असतात. प्रसंग नेहमीचाच. भ्रमणध्वनीवर अनोळखी क्रमांकावरून एक संदेश येतो. मागे काही पत्रव्यवहार नाही, वर काही विनंती नाही. मजकूर एवढाच, ‘धन्यवाद सर.’ किंवा त्याहूनही चमत्कारिक म्हणजे ‘येतो सर.’ आमचे बंधू हे वाचतात, कपाळास आठी घालतात आणि यंत्र खाली ठेवितात. प्रश्न नाही तेथे उत्तर नाही, हा त्यांचा न्याय. तो त्यांस इतका स्वच्छ वाटतो की त्याविरुद्ध काही बोलणे म्हणजे त्यांस निव्वळ भाबडेपणा वाटतो. आम्हांस हा न्याय मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे येथे सविस्तर सांगण्याचा विचार आहे.

प्रथम असा संदेश लिहिणारा तो तसा का लिहितो, हे पाहू. आमच्या घरांतून आभार मानण्याची चाल फारशी नव्हती. आईने ताट वाढले म्हणून मुलाने तिला धन्यवाद दिले तर ती त्यास ताप तर आला नाही ना, हे पाहील. घरच्या माणसाचे आभार मानणे हा परकेपणा, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा मुलगा ‘धन्यवाद’ हा शब्द शिकतो तो घरात नव्हे, शाळेत; आणि शाळेत तो तरी कोठे? अर्जाच्या नमुन्यात. मुख्याध्यापकांस दोन दिवसांची रजा मागणारा इंग्रजी अर्ज पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेण्यात आला, त्याच्या शेवटी ‘थँकिंग यू’ हे शब्द असावयाचेच. रजा अद्याप मिळालेली नाही, मुख्याध्यापकांनी अर्ज वाचलेलाही नाही, पण आभार मानून झाले! उपकाराच्या आधी आभार, हा धडा आम्हीच दिला आहे. आता एखाद्या संकोची विद्यार्थ्याने अर्जातला सर्वांत सोपा भाग, म्हणजे शेवट, आधी पाठवून दिला आणि मधला अवघड भाग लिहिण्याचे धैर्य गोळा करीत तो बसून राहिला, तर त्यास अडाणी ठरविण्याचा अधिकार आम्हांस कसा पोहोचतो?

जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1969 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आभार मानण्याच्या क्रियेची फोड केली आहे. आभार मानण्यास ऐकणाराने पूर्वी केलेली एखादी कृती लागते, आणि ती आपल्या हिताची झाली असे बोलणारास वाटावे लागते. म्हणजे ‘धन्यवाद’ हा शब्द आला की त्याच्या पाठीमागे एक कृती गृहीत धरलेली असते. ती आम्हांस ठाऊक नसेल, तर गृहीतक आणि वस्तुस्थिती यांमध्ये एक खिंडार पडलेले आहे, आणि ते कोणी तरी बुजविले पाहिजे. मौन पाळल्याने ते बुजत नाही.

ते न बुजविल्याने काय होते, हे एका उदाहरणाने पाहावे. समजा, एका विद्यार्थ्यास परगावच्या विद्यापीठात प्रवेशासाठी शिफारसपत्र हवे आहे. त्याने विनंतीचे सविस्तर पत्र प्राध्यापकांच्या ईमेलवर धाडले; पण पत्त्यातील एक अक्षर चुकल्याने म्हणा, किंवा ते नको असलेल्या टपालाच्या पेटीत जाऊन पडल्याने म्हणा, प्राध्यापकांनी ते पाहिलेच नाही. इकडे विद्यार्थी सभ्यपणे दुसऱ्या मार्गाने, भ्रमणध्वनीवर, ‘धन्यवाद सर’ एवढेच लिहितो. आता आमच्या मौनी बंधूंनी काहीच लिहिले नाही तर तो समजतो, सरांस कळले आहे, सवडीने करतील. याहून वाईट म्हणजे आमचे दुसऱ्या पंथाचे बंधू, जे सर्वांस गोड बोलतात, ते ताबडतोब उत्तर देतात, ‘स्वागत आहे!’ झाले. विद्यार्थ्याच्या लेखी पत्र मिळाले, विनंती मान्य झाली, काम सुरू झाले. मुदतीचा दिवस उगवतो आणि पत्र कोठेच नसते. न केलेल्या उपकाराचे आभार हसतमुखाने स्वीकारणे ही आमच्या मते सौजन्याची नव्हे, खोट्या पावतीची जात आहे.

तिसरा एक पंथ आहे, तो उत्साही जनांचा. ‘कोण आपण? कोणता वर्ग? काय काम आहे? शिफारसपत्र हवे आहे काय, की गुणपत्रिकेविषयी विचारायचे आहे?’ अशी सरबत्ती ते करितात. पोलीस ठाण्यात शिरल्याचा भास होऊन विद्यार्थी उत्तर देतो, ‘काही नाही सर, चुकून पाठवले’, आणि मूळ गोष्ट त्याच्या मनातच राहते. शिवाय अंदाज पुढे केला की माणूस पुष्कळदा तोच मान्य करून मोकळा होतो, कारण खरे सांगण्यापेक्षा ते सोपे असते.

मग लिहावे काय? आमचे म्हणणे असे की उत्तर संदेशाच्याच मापाचे असावे, आणि त्यात तीनच गोष्टी असाव्या. ‘नमस्कार. आपला निरोप मिळाला. आभार कशाबद्दल हे माझ्या ध्यानात येत नाही. काही पाठविले असल्यास ते माझ्यापर्यंत पोहोचलेले दिसत नाही. काही सांगावयाचे असल्यास अवश्य लिहावे.’ पहिल्या भागाने माणसाची दखल घेतली जाते. दुसऱ्याने खोटी पावती टळते; ज्याचे पत्र गहाळ झाले आहे त्यास ते पुन्हा पाठविण्याची सूचना मिळते, आणि ज्याचा क्रमांक चुकला आहे त्यास तेही कळते. तिसरा भाग दार उघडे ठेवितो, पण कोणास आत ओढीत नाही. एवढे लिहून थांबावे. उत्तर न आल्यास पुन्हा टोचू नये.

यात दाराचे महत्त्व आम्ही उगाच सांगत नाही. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या दोघा समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली संभाषणे कशी संपतात यावर एक निबंध लिहिला. त्यांचे निरीक्षण असे की संभाषण आपोआप संपत नाही; दोघे मिळून ते संपवितात, आणि निरोपाच्या आधी एक जागा अशी ठेवितात की जिच्यात आतापर्यंत न निघालेली गोष्ट काढता यावी. आम्हां मराठी माणसांस हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञ कशाला हवेत? ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ असे लिहून सही झाल्यावर जो ता. क. येई, त्यात बहुतेक वेळा पत्राचे खरे कारण असे. पाहुणे उठतात, दारात वहाणा घालतात, आणि उंबऱ्यावर उभे राहून अर्धा तास मुख्य विषय बोलतात. डॉक्टरांस विचारा, दाराच्या मुठीवर हात ठेवून रोगी जे सांगतो तेच पुष्कळदा निदानाचे सूत्र असते. तेव्हा ज्याचा पहिलाच संदेश आभाराचा किंवा निरोपाचा आहे, तो थेट उंबऱ्यावरच येऊन उभा आहे असे समजावे.

येथे कोणी म्हणेल की अनोळखी क्रमांकावरून गोड शब्द पाठवून जाळ्यात ओढणारे भामटेही आहेत. आहेत खरे. चुकून आल्यासारखा संदेश, त्यावरून ओळख, ओळखीवरून मैत्री, आणि शेवटी पैसे गुंतविण्याचा सल्ला, ही त्यांची ठरलेली वाट आहे. पण वर दिलेल्या उत्तरात आम्ही आमचे नाव सांगितलेले नाही, गाव सांगितलेले नाही, गप्पांचे आमंत्रण दिलेले नाही. पुढचा मजकूर क्रमांक चुकल्याची क्षमा मागून लगेच आमची विचारपूस करू लागला, तर तेथेच थांबावे व तो क्रमांक बंद करावा. भामट्यांच्या भीतीने विद्यार्थ्यांस मौनाची शिक्षा देण्याचे कारण नाही. साठ जणांच्या गटात कोणी मोघम आभार मानले तर मात्र उत्तराची गरज नाही. तो सभेतला टाळ्यांचा प्रकार होय.

आता निरोपाविषयी. आमच्या भाषेत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. ‘जातो’ म्हटले तर घरातील वडील माणूस अजून दटावते. म्हणून ‘येतो सर’ असा संदेश आला तर बहुधा सत्र संपले आहे, वसतिगृह सोडले आहे, गाडी पकडावयाची आहे. ‘बरे, या. सुखरूप पोहोचा’ एवढे उत्तर त्यास पुरे. परंतु महिनोन्‌महिने न बोललेल्या विद्यार्थ्याचा रात्री एक वाजता पहिलाच निरोप असा येतो की ‘सर, आजवर केलेत त्या सर्वांबद्दल धन्यवाद. चुकले असेल तर क्षमा करा. जातो.’ तेव्हा? येथे परतण्याची भाषा नाही, पुढच्या भेटीचा उल्लेख नाही, आणि क्षमा व हिशेब चुकता केल्यासारखे आभार एकत्र आले आहेत. पुस्तके वा जपलेल्या वस्तू तो मित्रांस वाटीत आहे असेही कळले, तर संशयास जागा उरत नाही. अशा वेळी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे वाक्य लिहिणारा प्राध्यापक आम्हांस ठाऊक नसावा, एवढीच इच्छा आहे. पण सवयीने बोटे तेच लिहितात, ही भीती खरी आहे.

अशा संदेशास लेखी उत्तर देऊन भागत नाही. ताबडतोब दूरध्वनी करावा. आणि आडवळणाने न बोलता सरळ विचारावे, ‘जीव द्यावा असे मनात येत आहे काय?’ असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही, उलट विचारल्याने पुष्कळांस सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘नाही’ आले तर दोघांस क्षणभर अवघडल्यासारखे होईल, एवढाच तोटा. उत्तर ‘होय’ आले, किंवा उत्तरच आले नाही, तर उपदेश करीत बसू नये आणि ‘कोणास सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. खोलीतला सोबती, वसतिगृहाचे अधीक्षक, घरची माणसे, जो जवळ असेल त्यास उठवून त्याच्यापाशी पाठवावे व त्यास एकटे ठेवू नये. धोका समोर दिसत असेल तर 112. शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, मराठीतही. तेथे विद्यार्थ्याने बोलावे, आणि काय करावे हे न सुचल्यास प्राध्यापकानेही बोलावे. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि त्या रात्री तसे होण्याचा प्रयत्नही करू नये. योग्य माणूस येईपर्यंत तार तुटू न देणे एवढेच आपले काम.

रात्र टळली म्हणजे प्रकरण मिटले, असे समजून आमचे बंधू पुन्हा आपापल्या तासांस लागतील. तसे करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पुन्हा आठवड्याने, त्याने काही विचारले नसले तरी, ‘कसे आहात? आठवण आली’ एवढे दोन शब्द त्यास आपण होऊन पाठवावेत.