अनुभवाचा रकाना

वेल्ह्याहून एस.टी.ने भोरला कॉलेजात येणारा, घरातला पहिलाच पदवीचा विद्यार्थी मी. नोकरीसाठी लिंक्डइनवर माहिती भरायला बसलो आणि ‘अनुभव’ या रकान्याशी अडलो. मित्र म्हणाला, “लिही की ‘सुरक्षातज्ज्ञ’. कोण बघतंय?” मला हे पटत नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या `picoCTF` या स्पर्धेतली कोडी मी सोडवली आहेत. लपवलेली खूण, म्हणजे फ्लॅग, शोधायची. २०१९ च्या एका कोड्यात ‘रोबो कुठे आहेत?’ एवढाच प्रश्न होता. अर्धा तास पानाचा सोर्स चाळला; व्यर्थ! मग पत्त्यापुढे `/robots.txt` लिहिले. तिथे `Disallow:` पुढे एका पानाचे नाव होते. ते उघडताच फ्लॅग मिळाला. ही फाइल म्हणजे शोधयंत्रांना केलेली विनंती, कुलूप नव्हे. गुप्त पान लॉगिनच्या आडच हवे.

माझ्या मते पोर्टफोलिओत तो वाया गेलेला अर्धा तासही लिहावा. फ्लॅग कोणाचाही उतरवता येतो, पण मुलाखतीत “आधी काय करून पाहिलेस?” असे विचारले की उतरवणारा गप्प होतो. स्पर्धा चालू असताना मात्र उत्तर छापू नये.

सारांशाच्या पहिल्या काही ओळीच न उघडता दिसतात. म्हणून मी आरंभीच लिहिले: “बी.ए. द्वितीय वर्ष. नोकरी केलेली नाही. वेबची कोडी सोडवली. तीन कशी सोडवली, चुकांसह खाली वाचा.”

‘अनुभव’ हा रकाना रिकामाच ठेवला आहे.