रुपया घसरतो तेव्हा धडगावात काय होते?

डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरचा भाव ९० रुपयांच्या पलीकडे गेला, तेव्हा वृत्तवाहिन्यांवर शेअर बाजारातल्या तज्ज्ञांची रांग लागली. त्यात ना शेतमजूर होता, ना ऊसतोड कामगार. आपल्या माणसालाही वाटते की डॉलरचा भाव हे मुंबईच्या शेठजींचे प्रकरण, आपल्याला त्याचे काय? आम्हाला हे मान्य नाही. म्हणून आज हा विषय नंदुरबार जिल्ह्याच्या पाड्यावरून समजून घेऊ.

धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातले एक घर डोळ्यांसमोर आणा. समजा, मोहफुले, थोडी ज्वारी आणि गावातली मजुरी मिळून या घरात वर्षाला ४० हजार रुपये येतात. तेल, मीठ, कपडा, औषध, बियाणे यांवर ५५ हजार जातात. म्हणजे १५ हजारांची खोट. सुरतेला गेलेला मुलगा ६ हजार पाठवतो. तरीही ९ हजार कमीच पडतात. ते कुठून येतात? ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून. घराचा हिशेब जुळला, पण दिवाळीनंतर नवरा-बायको कोयता घेऊन बारडोलीकडे निघाले.

देशाचा परदेशाशी असलेला हिशेब अगदी असाच असतो. त्याला व्यवहारतोल म्हणतात. त्याचे दोन मुख्य भाग. पहिल्यात आपण विकलेला आणि विकत घेतलेला माल, सॉफ्टवेअरसारख्या सेवा, व्याज आणि परदेशातल्या आपल्या माणसांनी घरी धाडलेला पैसा येतो. हे चालू खाते. दुसऱ्यात परदेशी गुंतवणूक आणि कर्जे येतात. हे भांडवली खाते, म्हणजे आपल्या घरातली उचल. चालू खात्यावर तूट आली की ती भांडवली खात्यातून भरायची, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतून. तिसरी वाट नाही. म्हणूनच तूट किती, या प्रश्नाइतकाच ती कशाने भरली, हा प्रश्न महत्त्वाचा.

२०१२-१३ या वर्षाचा हिशेब पाहा. मालाच्या व्यापारात भारताला सुमारे १९६ अब्ज डॉलरची खोट आली. एकट्या खनिज तेलाचे बिल १६० अब्जांच्या वर होते, आणि सोन्याची आयात सुमारे ५४ अब्जांची. (हे सोने कोणाच्या तिजोरीत गेले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.) सेवांची कमाई आणि परदेशातून आलेला पैसा यांनी त्यातले सुमारे १०८ अब्ज भरून काढले. उरली सुमारे ८८ अब्ज डॉलरची तूट, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के. तेवढी मोठी तूट देशाने पूर्वी पाहिली नव्हती. १९९१ साली देशावर सोने गहाण टाकण्याची पाळी आली, तेव्हाही ती तीन टक्क्यांच्या आसपास होती.

ही ८८ अब्जांची तूट भरली गेली, म्हणून वर्षभर कोणी ओरडले नाही. पण भरली कशाने? कारखाने उभारायला आलेला पैसा सुमारे २० अब्जांचा. शेअर आणि रोख्यांत आलेला २७ अब्जांचा. बाकी कर्जे आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी. कारखान्यातला पैसा एका रात्रीत उठून जात नाही, शेअर-रोख्यांतला जातो. मुकादम जसा हंगामाच्या मध्येच हिशेब मागू शकतो, तसाच हा पैसा.

२२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी बाजारात ओतला जाणारा पैसा हळूहळू कमी करण्याचे संकेत दिले. अमेरिकेत व्याज वाढेल या हिशेबाने परदेशी पैसा भारतातून निघू लागला. निघताना त्याला रुपये विकून डॉलर घ्यायचे होते. त्याच वेळी तेल कंपन्यांनाही रोज सुमारे ४० ते ५० कोटी डॉलर हवे होते. डॉलर मागणारे सगळे, विकणारे थोडे. बाजारात मिरची कमी आली की भाव चढतो, तसाच डॉलरचा चढला. मेच्या सुरुवातीला ५४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपये ८० पैशांवर गेला. शंभर डॉलरचा जो माल ५,४०० रुपयांना पडत होता, तो ६,८८० रुपयांना पडू लागला. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने सरकारी तेल कंपन्यांना बाजारात न पाठवता स्वतःकडून थेट डॉलर देण्याची सोय जाहीर केली. सोन्यावरचे आयात शुल्क त्याआधीच १० टक्क्यांवर नेले होते. पुढे अनिवासी भारतीयांच्या ठेवींवर बँकांना सवलत देऊन डॉलर ओढून आणले. २०१३-१४ मध्ये तूट १.७ टक्क्यांवर आली.

अर्थतज्ज्ञ सांगतात की रुपया पडल्याने आयात महागते आणि निर्यात वाढते, म्हणून तूट आपोआप कमी होते. पुस्तकात हे खरे आहे. पण त्या वाढलेल्या निर्यातीचा पैसा कोणाच्या खिशात जातो? हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात विचारला होता. चांदी स्वस्त होऊन रुपया घसरत होता, तेव्हा निर्यातदार खूश होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की तो नफा परदेशी माणसाकडून येत नाही. किमती आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, आणि मधल्या काळात मजुराच्या ताटातले काढून मालकाच्या थैलीत पडते.

नंदुरबारच्या मिरची बाजारात हे आजही तपासता येईल. व्यापारी ओली लाल मिरची विकत घेतात आणि पथारीवर वाळवतात. रुपया घसरला तर मिरची परदेशी धाडणाऱ्याला त्याच डॉलरचे जास्त रुपये मिळतात. पथारीवर मिरची निवडणाऱ्या बाईची रोजंदारी मात्र डॉलर पाहून ठरत नाही. तिच्या घरातले पामतेल आयातीचे, ज्या टेम्पोने ती कामावर येते त्याचे डिझेलही आयातीच्या तेलाचे. आखातात गेलेल्या कुटुंबाला घसरत्या रुपयात थोडा तरी दिलासा असतो, कारण दिरहमचे रुपये वाढतात. सातपुड्यातला माणूस जातो सुरत-बारडोलीला. त्याची कमाई रुपयातच.

खताचेही तेच. एप्रिल २०१० पासून डीएपी आणि पोटॅशवर केंद्र सरकार ठरावीक रक्कम देते, वरची किंमत शेतकऱ्याने सोसायची. पुढे जागतिक भाव चढले आणि २०११ च्या मध्यापासून वर्षभरात डॉलरही ४५ च्या आसपासवरून ५७ वर गेला. पाचशे रुपयांच्या आत मिळणारी डीएपीची गोणी २०१२ मध्ये बाराशेच्या घरात गेली. पोटॅश तर सगळेच परदेशातून येते. २०२२ पासून सरकारने जादा अनुदान देऊन डीएपीचा भाव १,३५० वर रोखून धरला, तेव्हा तोच भार सरकारी तिजोरीवर गेला.

आता ९० रुपयांच्या डॉलरकडे परत येऊ. २०२४-२५ मध्ये चालू खात्यावरची तूट फक्त ०.६ टक्के होती, २०१३ च्या मानाने नगण्य. तरीही २०२५ मध्ये रुपया घसरला, कारण परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून निघत होते. उचल देणाऱ्याने हात आखडला की लहान खोटही टोचते. म्हणून पुढच्या वेळी 'तूट आटोक्यात आहे' असे अर्थमंत्री म्हणाले, तर आमच्या कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. ती भरणारा पैसा कारखान्यातला आहे की शेअर बाजारातला? आणि डॉलर वर गेला त्या हंगामात ऊसतोडीचा टनामागचा दर किती रुपयांनी वाढला?