फोटोतली छत्री पुसताना

सुट्टीत गोव्याला गेलात, कळंगुटच्या किनाऱ्यावर सगळ्या घराचा एक फोटो काढलात. आजी-आजोबांसकट प्रत्येकाचा चेहरा छान आला आहे, पण मागे शॅकची मोठी छत्री आणि दोन लांबट खुर्च्या उभ्या आहेत. आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हाच फोटो मोठा करायचा असेल, तर त्या घरच्या घरी काढता येतात. त्यासाठी GIMP हा प्रोग्रॅम संगणकावर मोफत मिळतो.

आधी Layer > Duplicate Layer करून मूळ फोटोची प्रत करा आणि काम त्या प्रतीवरच करा. मग Clone घ्या. Ctrl दाबून एका जागी क्लिक केले की तिथली वाळू उचलली जाते. नंतर छत्रीवर ब्रश फिरवला की ती तिथे उमटते.

खरी मेख आहे ती कुठून उचलायचे यात. आपल्या पायांजवळची वाळू जाडीभरडी दिसते, लांबची गुळगुळीत. जवळची लाट उंच, तर दूरची नुसती रेघ. म्हणून छत्रीच्या डाव्या-उजव्या बाजूने, त्याच उंचीवरचा भाग घ्या. वरून किंवा खालून घेऊ नका. Alignment मध्ये Aligned ठेवा आणि क्षितिजापासून सुरुवात करा. Ctrl-क्लिक नेमका क्षितिजाच्या रेषेवर, आणि पहिला ठिपकाही त्याच रेषेवर, म्हणजे समुद्र मध्येच वरखाली होणार नाही. मग लाटा, फेस, ओली वाळू आणि शेवटी कोरडी वाळू, असे पट्ट्यापट्ट्याने खाली या.

खुर्ची पुसली, पण सावली राहिली, असे हमखास होते. कळंगुटचा समुद्र पश्चिमेला आहे. त्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून काढलेल्या फोटोत सावल्या आपल्याकडे, पुढच्या वाळूवर लांबलचक पडतात. त्या शोधून काढा. इथे Heal वापरू नका. ते उचललेल्या वाळूचा पोत घेते, पण रंग-उजेड जुन्याच जागेचा ठेवते, त्यामुळे काळपट डाग तसाच राहतो. सावली Clone नेच झाका. नंतर जोड दिसत असेल तिथेच Heal हलके फिरवा.

दर चार-पाच फटकाऱ्यांनी उचलण्याची जागा बदला. नाहीतर एकच पाऊलखूण किंवा फेसाचा एकच बुडबुडा ओळीने तीनदा दिसतो. फोटो लहान करून पाहिला की अशी पुनरावृत्ती चटकन नजरेत भरते. मोठी प्रत काढण्याआधी एक लहान प्रतही छापून पाहा.

मात्र छत्रीच्या दांड्याने आजीचा हात किंवा साडीचा काठ झाकला असेल, तर तो परत आणता येत नाही. कारण कॅमेऱ्याने तो टिपलेलाच नसतो. अशा वेळी दांडा तसाच राहू द्या. ओढूनताणून रंगवलेल्या हातापेक्षा तो बरा दिसतो.