दोन फोन, एक पावती

क्लासवाले खोटं बोलतात, ही तक्रार जुनी आहे आणि मला ती अपुरी वाटते. खोटं पकडता येतं. एकाच टॉपरचा फोटो चौकातल्या दोन क्लासच्या फ्लेक्सवर दिसला की रिक्षावालासुद्धा हसतो. माझी तक्रार वेगळी आहे. अकरावी-बारावीच्या नीट-जेईई क्लासचं मार्केटिंग एकाच घरातल्या दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी सांगतं आणि त्या दोघांनी त्या कधी ताडून पाहू नयेत याची काळजी घेतं. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर बऱ्याचदा खरी निघते. फसवणूक मधल्या फटीत असते.

मी हे ऐकीव सांगत नाही. मराठवाड्यातल्या एका शहरात, एका क्लासमध्ये (नाव राहू द्या) मी तीन वर्षं मुलांचे फिजिक्सचे डाउट सोडवायचे. माझं टेबल काउन्सेलिंगच्या केबिनला लागून होतं आणि मधली भिंत प्लायवुडची होती.

सुरुवात स्कॉलरशिप टेस्टपासून होते. दहावीच्या वर्षात शाळेत एक फॉर्म येतो. टेस्ट फुकट असते, पण फॉर्मवर दोन नंबर सक्तीचे असतात: पालकांचा मोबाईल आणि विद्यार्थ्याचा व्हॉट्सअ‍ॅप. ऑफिसातल्या एक्सेल शीटमध्ये हे दोन नंबर दोन रकान्यांत जातात आणि तिथून पुढे दोन वेगळी दुकानं सुरू होतात. मुलीच्या फोनवर रील येतं: तरुण सर टेबलावर बसून गंमत करतायत, मागे पोरं टाळ्या वाजवतायत, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. बापाच्या फोनवर त्याच वर्गाचा फोटो येतो, पण सीसीटीव्हीच्या कोनातून. खाली ओळ: पाल्य वर्गात शिरताच आपल्याला एसएमएस.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पोरीला सोबत हवी असते, बापाला पोरगी सुखरूप हवी असते, आणि एकाच वर्गात दोन्ही असू शकतं. बिस्किटाची जाहिरात पोराला चव सांगते आणि आईला दूध सांगते, त्यावरून कोणी मोर्चा काढत नाही. ज्याला त्याला त्याच्या काळजीचं उत्तर द्यावं. माझी कसोटी एवढीच आहे की बापाला पाठवलेला मेसेज पोरीसमोर मोठ्याने वाचता आला पाहिजे, आणि पोरीचा बापासमोर.

आता ‘इंटिग्रेटेड’ हा शब्द या कसोटीवर घासून बघा. बापाला त्याचा अर्थ सांगतात की कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली, पोरीची इकडून तिकडे धावपळ नाही. पोरीला सांगतात की कॉलेजला जायची कटकटच नाही, फक्त प्रॅक्टिकलला जायचं, हजेरीचं आम्ही बघतो. व्यवस्था एकच आहे. बापाला वाटतं पोरगी दोन ठिकाणी शिकणार, पोरीला कळतं की एकच ठिकाण खरं आणि दुसरं कागदावरचं. रविवारचंही तसंच. तिला सांगितलेलं असतं की संडे ऑफ, त्याला सांगितलेलं असतं की दर रविवारी टेस्ट. टेस्ट सकाळी असते आणि दुपारनंतर सुट्टी, त्यामुळे दोघांनाही खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही.

या सगळ्या धंद्यातला सगळ्यात हुशार कागद म्हणजे स्कॉलरशिपचं पत्र. मी होते तिथे फी-कार्डावर दोन वर्षांचे ३ लाख छापलेले असायचे. ते तीन लाख भरणारा माणूस मी तीन वर्षांत पाहिला नाही. टेस्ट दिलेल्या जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही टक्के मिळायचेच. समजा ४० टक्के मिळाले, तर फी उरली १ लाख ८० हजार. खरी फी मुळात तेवढीच होती. पण पत्र घरी पोचलं की त्याचे दोन अर्थ होतात. पोरगी वाचते: मी निवडली गेले. बाप वाचतो: १ लाख २० हजार वाचले, पण रविवारपर्यंतच. ‘माझं यश’ आणि ‘पप्पांची बचत’ एकाच लिफाफ्यातून आली, की नाही म्हणणाऱ्याला घरात दोन माणसांना नाही म्हणावं लागतं.

मग केबिन. आधी सगळे एकत्र बसतात, चहा येतो. दहा मिनिटांनी काउन्सेलर मॅडम म्हणतात, “बेटा, तू तोवर डेमो लेक्चर बघून ये.” पोरगी उठली की खरी बोलणी सुरू होतात. बापाला सांगितलं जातं, “काका, पोरीची फार इच्छा आहे हो. आम्ही विचारलं तिला. आता तुम्ही मागे सरलात तर तिच्या मनाला लागेल.” आणि डेमोच्या वर्गाबाहेर दुसरा कोणी पोरीला सांगत असतो, “पप्पा तुझ्यासाठी काहीही करायला तयार आहेत, लकी आहेस.” त्याला तिची इच्छा विकली जाते आणि तिला त्याचा त्याग. दोघांनीही स्वतःचं मत दिलेलंच नसतं.

माझ्या मामाच्या घरात हे झालं, दुसऱ्या एका क्लासमध्ये. मामाची पोरगी दहावीला चांगली पास झाली, पत्र आलं, मामाने सोयाबीन विकून आणि थोडे हातउसने घेऊन १ लाख ८० हजार एकरकमी भरले. जूनमध्ये बॅच सुरू झाली. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिला बायोलॉजी नको होतं, नीट नको होतं, कॉमर्स करायचं होतं. हे तिने मला सांगितलं, मामाला नाही. “ताई, पप्पांनी एवढे पैसे भरलेत. त्यांचं स्वप्न आहे ते.” मी मामाशी बोलले. मामा म्हणाला, “माझं कसलं स्वप्न? मला तर तालुक्याचंच कॉलेज बरं वाटत होतं. तिची हौस होती म्हणून भरले.”

म्हणजे त्या घरात नीटची हौस कोणालाच नव्हती. ती केबिनमध्ये तयार झाली होती.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं दाखवलं: फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. इथे थोडं नियमांचं बोलते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी ही पावती असेल. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय की पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करावी. कोर्स वीस महिन्यांचा होता, म्हणजे महिन्याला ९ हजार. पाच महिने शिकली, त्याचे ४५ हजार गेले. १ लाख ३५ हजार परत यायला हवे होते. ही तत्त्वं राज्यांनी अंमलात आणायची आहेत, नुसती दाखवून पैसे पडत नाहीत. क्लासने आधी सांगितलं, “नात्यातलं दुसरं पोर आणा, सीट ट्रान्सफर करून देतो.” मग लेखी अर्ज दिला, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तीन खेपा झाल्या आणि ९० हजार मिळाले. मामा समाधानी आहे. मी नाही.

जाहिरातींसाठीही नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते काढले. निवड झालेल्या मुलाचा फोटो छापायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी आणि त्याने कोणता कोर्स केला होता तेही छापायला हवं. दोन वर्षं शिकलेला आणि शेवटी नुसती टेस्ट सिरीज घेतलेला, हे दोघं फ्लेक्सवर सारखेच दिसू नयेत म्हणून. जागा कमी असल्याची खोटी घाई करायचीही बंदी आहे. नियम चांगले आहेत. पण ते एकेक जाहिरात तपासतात. बापाची जाहिरात वेगळी, पोरीची वेगळी. दोन्ही पास होतील. मधल्या फटीसाठी कलम नाही.

आणि फ्लेक्सवरच्या ‘पात्र’ या शब्दाकडे नियमाच्या पलीकडे जाऊन बघायला हवं, कारण तोही दोघांना वेगळा ऐकू येतो. नीटमध्ये खुल्या वर्गाला पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल लागतात. म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण निम्म्यांच्या पुढे असलं की झालं. २०२४ ला २३ लाखांवर मुलं बसली आणि १३ लाखांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर. ‘आमचे ८० टक्के विद्यार्थी नीट पात्र’ ही ओळ वाचून मामासारख्या माणसाला दहातले आठ डॉक्टर दिसतात. अकरावीतल्या पोरीला पात्रतेचा अर्थ महिनाभरात कळतो, पण तोवर फी भरलेली असते आणि बापाला ते समजावणं म्हणजे आपण आळशी आहोत अशी कबुली दिल्यासारखं तिला वाटतं. ती गप्प बसते. फोटो दाखवणाऱ्याला हे गप्प बसणं फुकटात मिळतं.

काही सर मला सांगतात, “अगं, दोघांना वेगळं नाही सांगितलं तर अ‍ॅडमिशनच होणार नाही. बापाला मजा सांगितली तर तो पळेल, पोराला शिस्त सांगितली तर ते पळेल.” पळू द्या की. दहा तासांची बैठक आणि रविवारची टेस्ट ऐकून जे पोर पळतं, ते जूनमध्ये पळालेलं बरं. दिवाळीला पळालं तर पावती आडवी येते.

मी म्हणते, एकच कागद द्या. वर्गात किती मुलं, रोज किती तास, रविवारी नेमकं काय, रीलमधले सर याच शाखेत शिकवणार की महिन्यातून एकदा येणार, कॉलेजला खरंच जायचं की नाही, याच शाखेच्या दोन वर्षांच्या कोर्सला गेल्या वेळी किती मुलं बसली आणि किती जणांना सरकारी जागा मिळाली, सोडलं तर किती पैसे कधी परत. खाली तीन सह्या: क्लासची, पालकांची, मुलाची. आणि सही करताना तिघं एकाच टेबलाशी, डेमो लेक्चर नंतर.

यंदा शेजारच्या पोरासाठी मी हा कागद मागत फिरले. दोन मोठ्या क्लासमध्ये मॅडम म्हणाल्या, “असं लेखी आम्ही देत नाही, सर तुम्हाला तोंडी सगळं सांगतील.” तिसरीकडे, एका गाळ्यात चाळीस मुलांना शिकवणाऱ्या सरांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर दहा मिनिटांत सगळं लिहून दिलं. गेल्या वर्षी सरकारी जागा मिळालेली मुलं: दोन. तो आकडा लिहिताना ते क्षणभर थांबले, मग पोराकडे वळून म्हणाले, “वाच, आणि बाबांनाही वाचून दाखव.”