भांडुपची वेस आणि मृत्युपत्राची परीक्षा

मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये बेटाबाहेर पडली, तेव्हा ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंत आली. सात वर्षांनी, १९५७ मध्ये, ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. या वाढीचा विचार आपण पाणी, गटारे आणि घरपट्टी एवढ्यापुरताच करतो. पण तिच्या मागोमाग मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकाराचे क्षेत्रही वाढले, आणि त्या क्षेत्रात येणाऱ्या हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन कुटुंबांवर एक बंधन आले. घरातला माणूस मृत्युपत्र करून गेला, तर ते उच्च न्यायालयात सिद्ध करून प्रोबेट घेतल्याशिवाय त्या कागदाच्या आधारे कोणत्याही न्यायालयात हक्क सांगता येणार नाही. मुलुंड चेकनाक्यापलीकडच्या ठाण्यात, ठाण्यातल्याच घराबद्दल तसेच मृत्युपत्र केले, तर ही सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती सगळीकडूनच काढून टाकली. तिला मूठमाती मिळाली हे योग्यच झाले. मात्र सक्तीबरोबर प्रोबेटचीच गरज संपली असा जो समज पसरतो आहे, तो घातक आहे.

ही वेस मुळात कोणी आखली? १८६५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा हिंदूंना लागू नव्हता. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने त्यातली काही कलमे त्यांना लावली, पण तीही सगळ्या देशात नाहीत. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा मुलूख आणि मद्रास व मुंबई ही शहरे, एवढाच त्याचा आवाका. एकत्र कुटुंबाच्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्राला जागा नव्हती. ते रुजले व्यापारी शहरांत, जिथे स्वकष्टाची मिळकत होती, परक्यांशी देवघेव होती, आणि मेलेल्या माणसाचे पैसे नेमके कोणाच्या हाती द्यायचे हा प्रश्न पेढ्यांना रोज पडत होता. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याने ही भौगोलिक चौकट आपल्या कलम ५७ मध्ये जशीच्या तशी घेतली आणि कलम २१३ ने तिला सक्तीची जोड दिली. मुसलमानांना ती कधीच लागू नव्हती, आणि भारतीय ख्रिश्चनांना २००२ मध्ये वगळण्यात आले. उरले ते त्या जुन्या बंगाली मुलखातले आणि मद्रास व मुंबई शहरांतले बाकीचे लोक.

भांडुपमध्ये याचा व्यवहारात अर्थ काय होता, ते एका कल्पित पण नेहमीच्या घरावरून पाहू. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सोसायटीत एक फ्लॅट, बँकेत ठेवी आणि कणकवलीकडे थोडी जमीन. त्यांनी भांडुपमध्ये बसून मृत्युपत्र केले, तर कणकवलीच्या जमिनीसाठीही प्रोबेट लागे, कारण कागद मुंबईच्या हद्दीत झाला. गणपतीला गावी गेल्यावर तिथे केले, तर जमिनीपुरते लागत नसे, पण फ्लॅटसाठी लागे, कारण ती स्थावर मिळकत हद्दीत होती. तोच माणूस, तीच माणसे वारस, तोच मजकूर. फरक फक्त सही कुठे झाली याचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रशासकीय सोयीला २०२५ पर्यंत चिकटून राहण्याचे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही.

आता सक्ती गेली, पण प्रोबेटची बाकीची कलमे जागेवर आहेत. ज्याला हवे तो अर्ज करू शकतो. मात्र हवे असलेला प्रत्येकजण नव्हे. प्रोबेट मिळते ते फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राचा अंमल करण्यासाठी ज्याची नेमणूक झाली त्याला. फ्लॅट ज्या मुलीला दिला ती मुलगी, केवळ फ्लॅट मिळाला म्हणून, प्रोबेट मागू शकत नाही. ती एक्झिक्युटरही असेल तर प्रश्न नाही. लाभ मिळणारा माणूस एक्झिक्युटर असायला कायद्याची हरकत नाही. नेमणूक स्पष्ट शब्दांत नसली तरी चालते. ‘माझ्यामागे थोरल्याने माझी देणी फेडावीत, येणे वसूल करावे आणि उरलेले खाली लिहिल्याप्रमाणे वाटावे’ असे लिहिले असेल, तर थोरला एक्झिक्युटर आहे असा अर्थ न्यायालय काढते. अज्ञान मुलाला किंवा मनोविकल व्यक्तीला प्रोबेट देता येत नाही. एकाहून अधिक जण नेमले असतील, तर सगळ्यांना एकदम किंवा वेगवेगळ्या वेळी ते मिळू शकते. नेमलेल्याला ही जबाबदारी नको असेल, तर तो न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सही करून लेखी नकार देऊ शकतो. पण एकदा नकार दिला की पुढे मन बदलून उपयोग नाही.

आपल्याकडची मृत्युपत्रे बहुधा इथेच अडकतात. छापील नमुना आणून भरलेला असतो आणि एक्झिक्युटरची जागा कोरी असते, किंवा नेमलेला मित्र आधीच गेलेला असतो. मग प्रोबेट नाही, तर मृत्युपत्र जोडलेले ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ मागावे लागते, आणि ते सामान्यतः उरलेली सगळी मिळकत ज्याला दिली आहे तो मागतो. पुराव्याची तपासणी दोन्हीकडे सारखीच.

अर्जात काय असते? मृत्यू कधी झाला, जोडलेला कागद हेच शेवटचे मृत्युपत्र आहे, ते रीतसर झाले आहे, हाती येणाऱ्या मालमत्तेची अंदाजे किंमत किती, आणि अर्जदार हाच नेमलेला एक्झिक्युटर आहे. मूळ मृत्युपत्र सोबत. शक्य असेल तर साक्षीदारांपैकी निदान एकाने सत्यापन करायचे. मुंबईत हे काम शहर दिवाणी न्यायालयात जात नाही. त्या न्यायालयाचा अधिकार वाढत गेला तरी मृत्युपत्रांची प्रकरणे उच्च न्यायालयाच्याच हाती राहिली, त्यामुळे भांडुपकराला त्यासाठी फोर्ट गाठावा लागतो. मृत्युपत्र नसते तर ज्यांना वाटा मिळाला असता, त्यांना न्यायालयाची सूचना जाते. कोणी कॅव्हेट टाकून हरकत घेतली, की अर्जाचा दावा होतो: अर्जदार वादी, हरकतदार प्रतिवादी, आणि साक्षीपुरावा सुरू.

न्यायालय जे तपासते ते थोडे असते, पण खोलवर तपासते. कागद शेवटचा आहे का? करणाऱ्याने त्यावर सही किंवा अंगठा केला का? दोन किंवा अधिक साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिले, किंवा ही आपलीच सही असे त्याच्या तोंडून ऐकले का, आणि मग त्या प्रत्येकाने त्याच्यासमोर सही केली का? दोन साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असण्याची अट नाही. करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे समजत होते का, आणि ते त्याने स्वतःच्या इच्छेने केले का? साक्षीदार हयात असेल, तर निदान एकाला पिंजऱ्यात उभे करावेच लागते. मृत्युपत्र नोंदणीकृत असले तरी यातून सुटका नाही. नोंदणी हा एक आधार आहे, पुरावा पूर्ण करणारा शिक्का नव्हे. हे सोसायट्यांच्या कार्यालयांत पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

संशयाची कसोटी कशी लावायची हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगितले, आणि तो निकाल लिहिणारे होते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. प्रकरण म्हैसूरचे. ज्याने मृत्युपत्र पुढे आणले, त्यानेच ते घडवण्यात पुढाकार घेतला होता. अशा वेळी संशय दूर करण्याचे ओझे कागद पुढे आणणाऱ्यावर येते, आणि न्यायालयाच्या सदसद्विवेकाचे समाधान व्हावे लागते. थरथरती, नेहमीसारखी नसलेली सही, खंगलेले मन, जवळच्यांना कारणाशिवाय डावलणारे वाटप, लाभ घेणाऱ्याची मृत्युपत्र घडवण्यातली ठळक भूमिका: यातले एखादे दिसले म्हणून मृत्युपत्र खोटे ठरत नाही, पण उत्तर द्यावे लागते. त्या खटल्यात ते देता आले नाही, आणि मृत्युपत्र सिद्ध झाले नाही.

हरकत आली की काय होते हे मराठी वाचकांनी वर्तमानपत्रांतून पाहिलेच आहे. बाळासाहेब ठाकरे यांचे मृत्युपत्र १३ डिसेंबर २०११ चे. त्यांचे निधन १७ नोव्हेंबर २०१२ रोजी झाले. उद्धव ठाकरे यांच्या बाजूने प्रोबेटचा अर्ज झाला आणि जयदेव ठाकरे यांनी हरकत घेतली: वडिलांची मनःस्थिती ठीक नव्हती, त्यांच्यावर प्रभाव होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर वकील आणि डॉक्टर यांच्या साक्षी व उलटतपासण्या झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये जयदेव यांनी माघार घेतली. आजारी म्हातारा माणूस त्या दिवशी काय बोलला, कोण खोलीत होते, कागद कोणी वाचून दाखवला, हे प्रश्न इतक्या मोठ्या घरात वर्षानुवर्षे पुरले. भांडुपमधल्या दोन खोल्यांच्या वाटणीतही प्रश्न तेच असतात. फक्त बातमी होत नाही.

जे न्यायालय तपासत नाही, तेही समजून घ्यायला हवे. मालमत्ता मृताचीच होती का, याचा निर्णय प्रोबेटमध्ये होत नाही. १९५४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. टेकडीवरच्या झोपडीचा हक्क, पागडीची खोली, भावाच्या नावावरचा गाळा मृत्युपत्रात लिहिला आणि प्रोबेट मिळाले, म्हणून तो हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी वेगळा दावा. प्रोबेटने इतकेच ठरते की हा कागद खरा आहे आणि हा माणूस एक्झिक्युटर आहे. पण ते ठरते, आणि प्रोबेट रद्द होत नाही तोवर बँक, सोसायटी, खरेदीदार सगळ्यांना ते मान्य करावे लागते.

सक्ती गेल्यावर हा निर्णय कोणी घ्यायचा? आता सोसायटीचे सचिव, बँकेचा शाखाधिकारी, खरेदीदाराचा वकील हेच मृत्युपत्र हातात घेतील. त्यांना शपथेवर साक्ष घेता येत नाही, उलटतपासणी करता येत नाही. घरात सगळे एकमताचे असतील, तर हरकत नसल्याचा कागद घेऊन काम पुढे जाईल, आणि जायलाच हवे. त्यासाठी वर्षभर फोर्टात खेटे घालणे ही शिक्षाच होती. पण ज्या घरात एका मुलाला वगळले आहे, किंवा मृत्युपत्राआधी आईला रुग्णालयात नेले होते, तिथे एक्झिक्युटरने वाट पाहू नये. साक्षीदार म्हातारे होतात, गाव बदलतात, मरतात. ते गेले, तर त्यांच्या हस्ताक्षराचा पुरावा देऊन काम भागवता येते, पण त्या खोलीत काय घडले हे सांगणारा कोणी उरत नाही. भांडुपमधल्या त्या निवृत्त गृहस्थांनी धाकट्याला डावलले असेल, तर एक्झिक्युटर असलेल्या थोरल्याने साक्षीदाराचा पत्ता हाताशी असतानाच अर्ज करावा, आणि प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचे आहेत, हेही त्याने आधीच धरून चालावे.