आत्मविश्वास नाही, माप बदललं

मागच्या महिन्यात आमच्या चकलांब्यात एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी ठासून सांगितलं, की वजन उतरलेल्या माणसाशी अनोळखी लोक चांगले वागतात ते त्याचा आत्मविश्वास वाढतो म्हणून. लोक तेच असतात, बदलतो तो माणूस. आधीचे टोमणे काळजीपोटी होते, तेव्हा झालं गेलं विसरावं. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

माझं वजन 112 किलो होतं. छत्रपती संभाजीनगरला जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी मागे ठेवतात. वजन भराभर उतरलं, पण तसं उतरलं की शरीर त्याची किंमत घेतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस विंचरताना पुंजके हातात यायचे. दंडाची कातडी लोंबायची. चार घास जास्त झाले की मळमळायचं. लग्नकार्याला जायचं मी टाळत होते. त्या दिवसांइतका माझा आत्मविश्वास आयुष्यात कधी खचला नव्हता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत जग माझ्याशी गोड वागायला लागलं.

गेवराईतल्या एका कपड्याच्या दुकानाचं सांगते. शस्त्रक्रियेच्या आधी तिथे गेले, तर पायरी चढता चढताच गल्ल्यावरून आवाज आला, ‘तुमच्या मापाचं नाही.’ मी भाचीसाठी फ्रॉक घ्यायला गेले होते. तेही सांगू दिलं नाही. सहाव्या महिन्यात 78 किलोवर तिथेच गेले. केस विरळ झाले म्हणून डोक्याला स्कार्फ, आवाज बसलेला, नजर खाली. त्याच माणसानं स्टूल पुढे केलं, पाणी मागवलं, ‘ताई, निवांत बघा’ म्हणाला. त्यानं मला ओळखलं नव्हतं. म्हणजे मी मेहनत घेतली याचं कौतुकही त्यात नव्हतं. माझ्या ताठ चालण्याचं तर नव्हतंच, मी ताठ चालतच नव्हते. त्यानं पाहिलं फक्त माप. त्या वक्त्यांनी सांगावं, यात आत्मविश्वास कुठे बसतो?

हे माझ्या एकटीचं नाही. 1991 साली अमेरिकेत अशाच शस्त्रक्रियेनंतर भरपूर वजन उतरलेल्या 47 जणांचा अभ्यास छापून आला. त्यांना विचारलं होतं, पुन्हा तितकं जाड व्हायचं की दुसरं व्यंग पत्करायचं? बहिरेपण सगळ्यांनी पत्करलं. पाय कापलेला चालेल असं दहातले नऊ म्हणाले. कोट्यधीश पण जाड व्हायला एकही तयार नव्हता. नुसत्या गुडघेदुखीला भिऊन कुणी पाय द्यायला निघत नाही. जाडेपणी लोक कसे वागले, ते त्यांनी भोगलेलं होतं.

असाच युक्तिवाद मी पूर्वी ऐकलाय. मुलगी हसतमुख असली की रंग कोण बघतं, असं स्थळं बघताना म्हणणारे हेच लोक. नाकारतो दुसरा, आणि दोष जातो नाकारलेलीच्या चेहऱ्याकडे.

आता काळजीचं. काळजी प्रश्न विचारते. वजन उतरल्यावर गल्लीतल्या मावशींनी हात धरून विचारलं, ‘अंग का गं गळालं? साखर तर नाही निघाली?’ ती काळजी. त्याआधी पोटात दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेले तेव्हा हातही न लावता ‘वजन कमी करा’ म्हणून परत पाठवलं, आणि पुढे सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ती काळजी नव्हती.

विसरायचं म्हणता, तर विसरू कुणाला? स्टुलावर बसले तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं आहे. एसटीत कुणी सरकून जागा दिली की आजही बरं वाटतं. आणि त्याच क्षणी पायरीवरून परत फिरलेली ती 112 किलोची बाई डोळ्यांपुढे येते. तिला पाणी कुणी विचारलं नाही. तिच्या वाट्याचं मी पिते आहे असं वाटून घोट अडकतो. शिवाय अशा शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी थोडंफार वजन पुष्कळांचं परत चढतं. माझं चढलं तर ते स्टूलही मागे जाणार, हे मला ठाऊक आहे.

मग कसं वागायचं, तर आमच्या गावातल्या शिवणकामवाल्या ताईंसारखं. 112 किलोची असताना त्यांनी दोनदा टेप लावून माप घेतलं, आकडा मोठ्यानं न वाचता वहीत लिहिला आणि विचारलं, ‘गळा कसा ठेवू?’ परवा सगळे ड्रेस बारीक करायला घेऊन गेले. वजनाचा विषय त्यांनी काढला नाही. टेप गुंडाळली, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘ह्याचा गळा तोच ठेवू का बदलू?’